चेस्ट नंबर ४ बोलत असताना

ग्रुप डिस्कशन, म्हणजे आपल्या भाषेत जीडी, कशी करायची याबद्दल आमच्या शाळेत दोन सल्ले फिरतात. पहिला सल्ला असा, की जो सगळ्यात जास्त बोलतो तोच परीक्षकाला दिसतो. दुसरा असा, की कोणी फार बोलायला लागला तर त्याला 'दुसऱ्यांनाही बोलू दे' असं स्पष्ट सांगून टाकावं. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्याने चांगला मुलगा भोंगा होतो. दुसऱ्याने त्याचा अपमान होतो आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते तरीही गप्पच राहतात. हे मी अंदाजाने म्हणत नाही. या सत्रात आमच्या हाउसच्या शनिवारच्या सरावात मला पाच वेळा बाहेर बसून नोंद करायचं काम मिळालं. हातात घड्याळ आणि कागद, आणि कागदावर आठ चेस्ट नंबर. त्या कागदांवरून माझं जे मत झालं ते इथे लिहितो.

आधी ज्या पालकांना जीडी माहीत नाही त्यांच्यासाठी. सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डात, म्हणजे एसएसबीत, साधारण ८ ते १० उमेदवार अर्धवर्तुळात बसतात आणि एका विषयावर चर्चा करतात. प्रत्येकाच्या छातीवर नंबर असतो, त्याच नंबराने एकमेकांना हाक मारायची. कोणीही अध्यक्ष नसतो. परीक्षण करणारे जीटीओ सर बाजूला बसून फक्त पाहतात, मध्ये पडत नाहीत. म्हणजे एखादा फार बोलत असेल तर त्याला आवरायला बाहेरून कोणी येणार नाही. ते काम त्या अर्धवर्तुळातल्याच कोणीतरी करायचं असतं, आणि तेही त्याच्यावर कसला अधिकार नसताना. म्हणूनच मला हा भाग कवायतीपेक्षा कठीण वाटतो. कवायतीत निदान आज्ञा देणारा ठरलेला असतो.

एक माणूसच का बोलत राहतो? आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी याचं एक उत्तर सांगितलं, ते मला फार उपयोगी पडलं. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तीन अभ्यासकांनी १९७४ साली एक लेख लिहिला. साध्या गप्पांमध्ये पाळी कशी बदलते, हे त्यांनी त्यात मांडलं. बोलणारा माणूस पुढच्याचं नाव घेऊन किंवा त्याला प्रश्न विचारून पाळी देऊ शकतो. त्याने दिली नाही, तर जो आधी सुरुवात करेल त्याला पाळी मिळते. आणि कोणीच सुरुवात केली नाही, तर आधीचाच पुढे बोलू शकतो. हा शेवटचा भाग वाचून मला आमची जीडी समजली. जास्त बोलणारा दर वेळी दुसऱ्याची पाळी हिसकावत नसतो. पुष्कळदा पाळी मोकळी पडलेली असते आणि ती उचलायला त्या क्षणी कोणी नसतं, म्हणून ती त्याच्याकडेच परत जाते.

आता आमच्यासारख्या शाळेत ती पाळी उचलायला कोणी का नसतं? इथे मुलं सगळ्या देशातून येतात. मी स्वतः सहावीत इथे आलो तेव्हा कोणी हिंदीत काही विचारलं की मी आधी ते मराठीत समजून घ्यायचो, उत्तर मराठीत जुळवायचो आणि मग हिंदीत बोलायला तोंड उघडायचो. तोवर विषय दोन माणसं पुढे गेलेला असायचा. जीडी तर इंग्रजीत असते. ज्याच्या घरी इंग्रजी बोलतात तो आधीचं वाक्य संपता संपता सुरू होतो. ज्याला मनात भाषांतर करावं लागतं त्याला दोन-तीन सेकंद जास्त लागतात. पहिला हुशार आणि दुसरा मंद असं काही नाही, फक्त दोन-तीन सेकंदांचा फरक आहे. पण १५ मिनिटं हाच फरक पडत राहिला की एकाच्या नावावर पाच मिनिटं जमा होतात आणि दुसऱ्याच्या नावावर शून्य.

एक सराव सविस्तर सांगतो. विषय होता, 'निवासी शाळेत कॅडेटकडे स्वतःचा मोबाईल असावा का?' आठ जण, वेळ १५ मिनिटं. चेस्ट नंबर ४ वादविवाद स्पर्धेतला मुलगा, मुद्देसूद बोलणारा. माझ्या कागदावर पहिल्या पाच मिनिटांपैकी जवळजवळ तीन मिनिटं त्याची होती. बाकी २, ५ आणि ७ मध्ये वाटली गेली. १ नंबरने एकदा 'बरोबर' म्हटलं. ३, ६ आणि ८ यांच्यापुढे रेघसुद्धा नव्हती.

चौथ्या मिनिटाच्या आसपास ७ नंबर म्हणाला, 'मला वाटतं आपण सगळ्यांना बोलायची संधी दिली पाहिजे.' ऐकायला किती चांगलं वाक्य! ४ नंबरचे कान लाल झाले. तो म्हणाला, 'हो, बोला ना, मी कुठे अडवलंय?' आणि मग कोणीच बोललं नाही. कोणी म्हणून कोणी नाही. सहा-सात सेकंद गेली आणि ४ नंबरनेच पुन्हा सुरुवात केली, आता जरा जास्त जोरात. सगळ्यांना दिलेलं आमंत्रण कोणालाच पोचत नाही. लग्नात पंगत बसल्यावर 'कोणाला काय हवं ते मागा हो' म्हणून जो वाढपी निघून जातो, त्याच्याकडे लाजरा पाहुणा काही मागत नाही. त्यातून, त्या वेळी जो बोलेल तो ४ नंबरच्या विरुद्ध उभा राहिल्यासारखा दिसणार होता. संध्याकाळी त्याच्याच डॉर्ममध्ये राहायचं आहे, ही अडचण कोणी लिहून ठेवत नाही, पण ती असते.

मग २ नंबरने आवाज चढवला. तोही बोलण्यात पक्का, त्यामुळे त्याला पाळी मिळाली. पण दीड मिनिट ही दोघांची कुस्ती झाली आणि उरलेले सहा जण प्रेक्षक. ४ नंबरचा वेळ कमी झाला हे खरं, पण ३, ६ आणि ८ यांचं शून्य तसंच राहिलं. म्हणून मी म्हणतो की फक्त 'जास्त बोलणारा थांबला का' हे पाहू नये, 'न बोलणाऱ्याला पाळी मिळाली का' हे पाहावं. या दोन गोष्टी एकच नाहीत.

सातव्या मिनिटाला ५ नंबरने जे केलं त्याला वीस सेकंदही लागली नाहीत, पण त्यात तीन-चार गोष्टी होत्या. त्याने काय म्हटलं ते मराठीत देतो: '४ नंबर, तुझा खर्चाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणजे चोरी, दुरुस्ती, रिचार्ज. तो तुझ्याकडेच ठेव, आपण दोन मिनिटांत त्यावर येऊ. ६ नंबर, घरी फोन लागण्याबद्दल विचारतो. आपण सगळे धरून चाललोय की रविवारी फोन केला की घरी लागतो. डोंगराळ भागात ते खरं आहे का?'

आधी तो मध्ये कधी शिरला ते पाहा. भराभर बोलणारे वाक्याच्या शेवटी श्वास घेत नाहीत. ते 'कारण' किंवा 'आणि' म्हणून वाक्याच्या मधोमध श्वास घेतात, आणि शेवट आला की न थांबता पुढच्या वाक्यात उडी मारतात. म्हणून वाक्य संपायची वाट पाहणारा वाटच पाहत बसतो. ५ नंबरने दुसरी खूण धरली. ४ नंबर खर्चाचा मुद्दा दुसऱ्यांदा सांगायला लागला तेव्हा तो शिरला. दुसऱ्यांदा सांगताना माणसाचं नवं काही तुटत नाही, त्यामुळे त्याला रागही कमी येतो. आणि शिरताना पहिला शब्द त्याचाच नंबर होता. स्वतःचं नाव ऐकलं की बोलणारा अर्धा क्षण तरी थांबतो. 'एक्स्क्यूज मी' ऐकून ४ नंबर कधी थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

त्याने स्तुती केली नाही, हेही महत्त्वाचं. 'फारच छान मुद्दा, पण...' ही चाल आता शाळेत सगळ्यांना पाठ आहे. 'पण' यायच्या आधीच माणूस सावध होतो. ५ नंबरने त्याऐवजी मुद्दा नेमका परत सांगितला: चोरी, दुरुस्ती, रिचार्ज. जास्त बोलणारा पुष्कळदा एकच गोष्ट तीनदा सांगतो, कारण ती कोणी ऐकली याची खूण त्याला मिळालेली नसते. ती खूण मिळाली की जोर आपोआप कमी होतो. 'दोन मिनिटांत त्यावर येऊ' या शब्दांनी त्याची पाळी गेली नाही, फक्त पुढे सरकली. चारचौघांत लाज वाटते ती 'तुझं झालं, आता बस' या अर्थाची.

आता ६ नंबरकडे बघू. तो ईशान्येकडचा, वर्गात सगळ्यात कमी बोलणारा. ५ नंबरने त्याचा नंबर आधी घेतला आणि प्रश्न नंतर विचारला. प्रश्न पूर्ण व्हायला सात-आठ सेकंद गेली. ती सेकंद ६ नंबरच्या उपयोगी पडली, कारण आपल्याला बोलायचं आहे हे त्याला आधीच कळलं होतं. उलट केलं असतं, म्हणजे आधी प्रश्न आणि शेवटी 'काय रे ६ नंबर?', तर आठ जणांचे डोळे एकदम त्याच्यावर आले असते आणि तयारीला वेळ शून्य. शिवाय 'तुला काय वाटतं?' असा उघडा प्रश्न नव्हता. त्यालाच माहीत असलेल्या एका गोष्टीबद्दल होता, आणि तीही त्याच्या घराबद्दल थेट न विचारता भागाबद्दल. गप्प मुलालाही लाज असते. त्याची खासगी अडचण सगळ्यांपुढे ओढून काढणं म्हणजे त्याला संधी देणं नव्हे.

६ नंबर हळू बोलला. म्हणाला, त्याच्या गावात घरात नेटवर्क येत नाही, वर रस्त्यापर्यंत चढून जावं लागतं. रविवारी सकाळी आमची फोनची पाळी असते तेव्हा त्याची आई चर्चमध्ये असते. मग तो थांबला. वाक्य अर्धं होतं, पुढचा शब्द शोधत होता. ४ नंबर लगेच पुढे झुकला. इथे ५ नंबरने काही म्हटलं नाही. तो फक्त ६ नंबरकडेच पाहत राहिला, ४ नंबरकडे मान वळवलीच नाही. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यांचे डोळे लागतात. डोळे मिळाले नाहीत तर सुरुवात अडखळते. ४ नंबरने 'म्हणजे' एवढंच म्हटलं आणि तो थांबला. ६ नंबरने वाक्य पूर्ण केलं: 'मोबाईल देऊन माझा प्रश्न सुटत नाही, फोनची वेळ बदलली तर सुटतो.'

त्याआधी सात मिनिटं सगळे 'असावा' आणि 'नसावा' यांवर भांडत होते. त्या एका वाक्याने प्रश्नच बदलला. ३ नंबर म्हणाला की त्याच्या वडिलांची कारखान्यात पाळी असते, त्यांनाही रविवार जमत नाही. हे त्याने न विचारता सांगितलं. आणि मग ५ नंबरने शब्द पाळला: '४ नंबर, आता खर्चाचं सांग.' ४ नंबरने जे सांगितलं ते त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात चांगलं बोलणं होतं. स्वतःचा मोबाईल नको, हाउसच्या फोनला आठवड्यातल्या एका मधल्या दिवशी प्रेपनंतर अर्धा तास द्यावा आणि तो ज्यांच्या घरी रविवार जमत नाही त्यांच्यासाठी राखावा, खर्च काहीच वाढत नाही. हिशोब करणारं डोकं त्याचंच होतं. त्याला गप्प बसवलं असतं तर हे मिळालं नसतं. ही सूचना आम्ही नंतर हाउसमास्टर सरांना लिहून दिली, आणि सध्या बुधवारी सात जण फोन करतात.

शेवटच्या पाच मिनिटांत माझ्या कागदावर ४ नंबरचं दीड मिनिट होतं. ८ नंबरने मात्र पूर्ण १५ मिनिटांत एकच वाक्य म्हटलं. म्हणजे सगळं जमलं असं नाही.

(ही युक्ती ५ नंबरने शोधली असं मात्र कोणी समजू नये. आमच्या घरी ताईच्या लग्नाच्या याद्या करायला बसले तेव्हा थोरले काका एकटेच बोलत होते. आजी म्हणाली, 'भाऊ, मानपानाचं तूच बघ, ते तुलाच कळतं. हॉलवर येऊ तेव्हा सांगशील. सुनबाई, पाहुणे तुझ्याकडचे किती?' आजीने एसएसबी दिलेली नाही.)

आता काही गोष्टी आमच्या सरावात वापरतात पण मला योग्य वाटत नाहीत त्या. एक म्हणजे काड्या. प्रत्येकाला आगपेटीच्या तीन काड्या द्यायच्या, बोललं की एक टाकायची, संपल्या की गप्प. मी दोन वेळा याची नोंद केली. जास्त बोलणाऱ्यांच्या काड्या चौथ्या मिनिटापर्यंत संपल्या आणि मग ते हात बांधून फुगून बसले. कमी बोलणाऱ्यांनी काड्या शेवटपर्यंत जपल्या आणि शेवटी नाइलाजाने टाकायच्या म्हणून काहीतरी बोलले. एकमेकांचं कोणी ऐकलं नाही, सगळे काड्या मोजत होते. शिवाय बोर्डात काड्या नसतात.

दुसरी म्हणजे क्रमाने एकेकाने बोलणं. हे वाईट नाही, पण पुरेसं नाही, आणि त्याचा पुरावा एसएसबीतच आहे. पहिल्या दिवशीच्या चित्रावरच्या चाचणीत, म्हणजे पीपीडीटीत, प्रत्येकजण आपली गोष्ट आधी क्रमाने सांगतो आणि कोणी मध्ये बोलत नाही. त्यानंतर सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची असते, आणि नेमका तिथेच तो प्रसिद्ध मासळीबाजार भरतो. सगळे एकदा बोललेले असतात, पण कोणाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्याला जोडलेलं नसतं.

तिसरी गोष्ट इन्स्ट्रक्टर सरांना आदरपूर्वक सांगायची आहे. सरावात सरांनी '४ नंबर, आता तू गप्प' म्हटलं की तो गप्प होतो हे खरं. पण मग ५ नंबरला काही करायचं उरत नाही. बोर्डात जे पंधरा गुण पाहतात त्यांत सहकार्य आहे आणि गटावर प्रभाव पाडण्याची क्षमताही आहे. सरांनी आवरलं तर या दोन्हींचा सराव कोणाचाच होत नाही. सरांनी चर्चा संपेपर्यंत थांबावं आणि मग कागद दाखवावा, असं मला वाटतं.

कागद दाखवण्याचीही एक पद्धत आहे. त्या संध्याकाळी मी तो ४ नंबरला एकट्याला दाखवला, मेसकडे जाताना. 'तू फार बोलतोस' असं म्हटलं नाही, कारण हे ऐकलं की माणूस वकील होतो. फक्त मिनिटं दाखवली. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'कोणी बोललं नाही की मला वाटतं जीडी मरतेय. म्हणून बोलतो.' मला हे माहीत नव्हतं. आम्ही सगळे समजत होतो की त्याला चमकायचं असतं. शांतता पडली की तो घाबरतो, आणि ६ नंबरला बोलायला तीच शांतता लागते. दोघांची अडचण एकाच दोन-तीन सेकंदांत आहे.

पुढच्या शनिवारी त्याने स्वतःहून एक काम घेतलं. बाराव्या मिनिटाला, कोणत्या नंबरने काय म्हटलं ते सांगून चर्चा गोळा करायची. वेळ मोजायचं काम त्याला द्यावं असं कोणीतरी सुचवलं होतं, पण चांगल्या बोलणाऱ्याला घड्याळ देऊन बसवणं ही शिक्षाच झाली. हे काम वेगळं आहे, कारण ते ऐकल्याशिवाय होत नाही. त्या दिवशी त्याला ८ नंबरचं काही सांगता आलं नाही, कारण ८ नंबर काहीच बोलला नव्हता. मग त्यानेच तिथल्या तिथे ८ नंबरला प्रश्न विचारला.

एका ठिकाणी हे सगळं चालत नाही, ते म्हणजे मिश्र गटात, जिथे फार बोलणारा बारावीचा सीनियर आणि बाकीचे दहावीचे असतात. छातीवर नंबर लावला तरी तो सीनियर आहे हे कोणी विसरत नाही, आणि दहावीचा मुलगा त्याचं वाक्य तोडणार नाही. तोडावं असंही मी म्हणणार नाही. अशा गटात सुरुवातीला दोन मिनिटं सगळ्यांनी आपला एक मुद्दा कागदावर लिहावा आणि तो सीनियरनेच वाचून दाखवावा, नंबर घेऊन. आम्ही हे एकदाच केलं आहे, त्यामुळे यावर ठाम मत देत नाही. पुढच्या सत्रात मिश्र गटाची नोंद करायला मिळाली तर ते कागद याच पानावर देईन.